भिशीची यादी बाहेर गेली: ग्राहकांना कळवायचं पत्र कसं लिहायचं

कोल्हापूरच्या गुजरीतलं एक सराफी दुकान. नाव सांगत नाही, आकडेही थोडे बदललेत, बाकी सगळं घडलं तसंच आहे. काउंटरवरच्या पोराला नव्या ठुशींच्या फोटोंची लिंक गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची होती. त्यानं चुकून शेजारच्या फोल्डरची टाकली. त्या फोल्डरात सोन्याच्या भिशीची शीट होती. ३१२ जणांची नावं, मोबाइल, पत्ते, महिन्याचा हप्ता आणि भिशी कोणत्या महिन्यात पूर्ण होणार ते. सोबत ४१ जणांच्या पॅन कार्डांचे फोटो. मंगळवारी सकाळी लिंक गेली आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी कागलच्या एका काकींनी मालकांना फोन केला, "अण्णा, ठुशी बघायला गेले तर माझाच पत्ता दिसतोय हो. शेजारणीचा हप्ता पण दिसतोय."

मी व्यापाऱ्यांची बिलिंगची सॉफ्टवेअरं सांभाळतो, म्हणून मालकांचा दुसरा फोन मला आला. असा प्रसंग तुमच्या दुकानात, दवाखान्यात किंवा क्लासमध्ये आला आणि ग्राहकांना कळवायचं काम तुमच्यावर पडलं, तर कुठून सुरू करायचं ते या एका प्रसंगावरून सांगतो.

आधी दार लावा, पण पुरावा पुसू नका

मालकांचं पहिलं वाक्य होतं, "फोल्डरच उडवून टाक." तसं करू नका. फोल्डर गेलं की काय बाहेर गेलं हे मोजायचं साधनच जातं. गूगल ड्राइव्हमध्ये फोल्डरच्या Share मध्ये जाऊन General access खाली Anyone with the link असेल तिथं Restricted करा. त्याआधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा.

एवढ्यावर थांबू नका. आतली एखादी फाइल कधीतरी स्वतंत्रपणे लिंकनं शेअर केलेली असू शकते, आणि फोल्डर बंद केलं तरी ती उघडीच राहू शकते. आमच्याकडे भिशीची शीट अशीच निघाली. सहा महिन्यांपूर्वी हिशेबनीसांना पाठवली होती. म्हणून ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडून, लॉगिन न करता, एकेक लिंक टाकून बघा. आतलं काही न दिसता लॉगिन करा किंवा परवानगी मागा असं आलं तरच ती बंद झाली म्हणायची.

व्हॉट्सअॅपवरचा मेसेज सगळ्यांकडून काढायची मुदत पाठवल्यापासून अडीच दिवसांच्या आसपास असते. आपले सहा दिवस झालेले. म्हणजे लिंक ग्रुपमधल्या १९० जणांच्या फोनमध्ये राहणार, फक्त ती आता उघडणार नाही. ज्यांनी आधीच फोटो उतरवून घेतले असतील, ते मात्र परत येणार नाहीत.

मग सरकारी बाजू. सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवायचं, असा त्यांचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे आणि त्याच्या यादीत डेटा लीक येतं. "आपण एवढंसं दुकान, आपल्याला लागतंय का?" या वादात सहा तास घालवू नका. incident@cert-in.org.in या पत्त्यावर काय झालं, कधी कळलं, काय केलं एवढं साध्या भाषेत पाठवून द्या, तपशील मागाहून देता येतो. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ग्राहकाला कळवायची सक्ती त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होते. पण पत्रात काय असावं हे त्या नियमांत छान सांगितलंय: काय झालं, किती आणि कधी, त्याचा त्या माणसावर काय परिणाम होऊ शकतो, आपण काय केलं, त्यानं काय करावं, आणि विचारायचं कुणाला. सक्तीची वाट न बघता हाच साचा घ्या.

काय गेलं ते माणसागणिक मोजा

हे काम कंटाळवाणं आहे, पण पत्र चांगलं की वाईट हे इथंच ठरतं. आम्ही रात्री नऊला शटर ओढून बसलो आणि दोन याद्या केल्या. पहिल्या यादीत २७१ जण: नाव, मोबाइल, पत्ता, हप्ता, भिशी पूर्ण होण्याचा महिना. दुसरीत ४१ जण: हे सगळं, वर पॅनचा फोटो. दोन लाखांच्या वरच्या बिलाला पॅन घेतलं होतं, ते तिथंच पडून राहिलेलं.

काय गेलं नाही हेही शोधा. बँकेचे खाते क्रमांक शीटमध्ये नव्हते. पासवर्ड नव्हतेच, कारण दुकानाचं अॅपच नाही. आधारचे फोटो कुणाचे नव्हते असं मालक छातीठोकपणे सांगत होते. आम्ही तरी ४१ फोटो एकेक उघडले. दोन जणांच्या पॅनसोबत आधारचाही फोटो निघाला. त्या दोघांची तिसरी यादी झाली. उघडून न बघता "आधार गेलेलं नाही" असं लिहिलं असतं, तर दुसरं पत्र पाठवावं लागलं असतं, आणि मग पहिल्यावर कोण विश्वास ठेवणार.

कुणी बघितलं, हा सगळ्यात अवघड प्रश्न. घरगुती जीमेलच्या ड्राइव्हमध्ये Activity मध्ये शेअरिंग कधी बदललं, फाइल कुणी बदलली ते दिसतं. म्हणजे फोल्डर कधीपासून उघडं होतं ते समजतं. पण लिंकवरून कोण येऊन नुसतं बघून गेलं, याची नोंद तिथं मिळत नाही. तेव्हा खरं उत्तर एकच: आम्हाला सांगता येत नाही. हे वाक्य पत्रात लिहायला मालकांचा हात धजेना. "कुणी गैरवापर केल्याचं आढळलेलं नाही असं लिहू या की." आता, ज्या गोष्टीची नोंदच ठेवली जात नाही ती आढळणार कशी? ते वाक्य शब्दशः खरं असेल, पण वाचणारा त्यातून "म्हणजे काही झालं नाही" असंच घेतो. आपल्यालाही त्यानं तसंच घ्यावं असं वाटत असतं, आणि लबाडी ती तिथं आहे.

पहिला कच्चा मसुदा, जो पाठवला नाही

मालकांच्या भाच्यानं इंटरनेटवर बघून हे लिहून आणलं होतं:

"प्रिय ग्राहक, आपल्या माहितीची सुरक्षितता ही आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे. काही तांत्रिक कारणास्तव काही ग्राहकांची मर्यादित माहिती पाहिली गेली असण्याची शक्यता आहे. काळजीचे कारण नाही. खबरदारी म्हणून आपला पासवर्ड बदलावा. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

वाचायला गुळगुळीत, पण कागलच्या काकींना यातून काय कळणार? "काही ग्राहक" म्हणजे मी का? "मर्यादित" म्हणजे काय काय? पासवर्ड कसला बदलू? "तांत्रिक कारण" तर साफ खोटं आहे, लिंक माणसानं पाठवली. पोराचं नाव घालावं असंही एकानं सुचवलं. ते नको. फोल्डर उघडं ठेवलं होतं दुकानानं, पोराच्या हातून फक्त लिंक गेली. आणि नाव छापलं की पुढच्या वेळी चूक झाल्यावर कुणी सांगायला येत नाही.

"काळजीचे कारण नाही" हेही खोडा. शांतपणा त्या शब्दांनी येत नाही. नेमकं काय गेलं, काय गेलं नाही आणि मी आज काय करू, हे कळलं की माणूस आपोआप शांत होतो.

धोका नेमका कसला

सल्ला लिहिण्याआधी चोराच्या जागी बसून बघा. या यादीतून ओटीपीशिवाय कुणाच्या खात्यातून पैसे निघत नाहीत. पण कुणाची भिशी दिवाळीच्या महिन्यात पूर्ण होतेय, म्हणजे कुणाच्या घरी सोनं येणार, हे पत्त्यासकट कळतं. हप्त्याचा खरा आकडा सांगून फोन आला तर माणूस फसतोच: "काकी, तुमची तीन हजारांची भिशी पूर्ण झाली, बोनस जमा करायला ओटीपी सांगा." दुसरं, दारात येणारा माणूस: "दुकानातून आलोय, भिशीवाल्यांना दागिने फुकट पॉलिश करून देतोय." पॉलिशच्या नावानं दागिने पळवणं जुनंच आहे, पण दुकानाचं नाव आणि हप्ता ठाऊक असला की तो माणूस खरा वाटतो.

पॅन गेलं त्यांचा धोका वेगळा आणि सावकाश उगवणारा. त्यांच्या नावावर कर्जाचा अर्ज, किंवा न केलेला व्यवहार त्यांच्या पॅनवर. तो कळायला महिने लागतात, म्हणून त्यांना सांगायची कामं वेगळी. पॅन बदलून मिळेल असं मात्र सूचित करू नका. गळती झाली म्हणून नवा नंबर काढायची सोय नाही, आणि दोन पॅन बाळगणं हाच दंडाचा विषय होतो.

जे पत्र गेलं ते

हे ४१ पैकी ज्यांचं आधार गेलं नव्हतं त्या ३९ जणांचं. २७१ जणांना पॅनचा भाग वगळून गेलं. आधारवाल्या दोघांना मालक स्वतः भेटले, बायोमेट्रिक लॉक कसं लावायचं ते त्यांच्याच फोनवर दाखवलं.

"नमस्कार काकी,

आमच्या दुकानाच्या चुकीमुळे तुमची माहिती बाहेर गेली आहे. त्याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो.

७ जुलै, मंगळवारी सकाळी आमच्याकडून ग्रुपवर चुकीची लिंक गेली. १३ जुलै, सोमवारी संध्याकाळी ते लक्षात आलं आणि पाऊण तासात आम्ही ती बंद केली. या सहा दिवसांत लिंक असलेल्या कुणालाही ती माहिती बघता येत होती. कुणी बघितली, कुणी उतरवून घेतली, हे आम्हाला कळू शकत नाही.

तुमची गेलेली माहिती: नाव, मोबाइल नंबर, पत्ता, भिशीचा हप्ता, भिशी पूर्ण होण्याचा महिना आणि पॅन कार्डाचा फोटो. बँक खातं, आधार आणि यूपीआयची माहिती त्यात नव्हती. तुमच्या भिशीचे पैसे आणि नोंदी जशाच्या तशा आहेत.

आज एवढं करा. आमच्या नावानं फोन आला तर हप्ता बरोबर सांगितला तरी ओटीपी देऊ नका. सोनं घरी आहे की लॉकरमध्ये, हे फोनवर कुणालाही सांगू नका. आमचा कोणीही माणूस पॉलिशसाठी किंवा कार्ड तपासायला घरी येणार नाही. आला तर दार उघडू नका, आम्हाला फोन करा.

या महिन्यात एवढं करा. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून तुमच्या नावावर न घेतलेलं कर्ज नाही ना ते बघा. तीन महिन्यांनी परत एकदा बघा. आयकर भरत असाल तर पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात अनोळखी व्यवहार आहे का, ते तुमच्या सीएला बघायला सांगा. जमत नसेल तर दुकानात या, आम्ही बसून काढून देऊ.

पैसे गेले तर आधी १९३० वर फोन करा, मग बँकेला. तक्रार cybercrime.gov.in वर करता येते.

विचारायचं असेल तर भिशीच्या कार्डावर छापलेल्या नंबरवर सकाळी १० ते रात्री ८ फोन करा. मी स्वतः बोलेन. २१ जुलैला तुम्हाला परत कळवू, नवीन काही नसलं तरी.

— (मालकांचं पूर्ण नाव)"

यात लिंक एकही नाही, हे बघितलंत का? cybercrime.gov.in सुद्धा कागदावर छापलं, व्हॉट्सअॅपवरच्या मजकुरात ते न घालता नुसतं १९३० ठेवलं, कारण तिथं पत्ता आपोआप दाबण्याजोगा होतो. उद्या आपल्याच पत्राची नक्कल करून कुणी "पडताळणीसाठी इथे दाबा" असं पाठवणार, तेव्हा "आमच्या पत्रात दाबायला काहीच नसतं" हे काकींना सांगता आलं पाहिजे. फोन नंबरही मुद्दाम लिहिला नाही, कार्डावरचा बघा म्हटलं. पत्र खरं की खोटं याची खात्री त्यांच्या कपाटातल्या कागदावरून होते. दुकानाचं कार्ड नसेल तर बिलावरचा नंबर चालेल.

"पैसे आणि नोंदी जशाच्या तशा" हे वाक्य आधी नव्हतं. मालकांच्या बहिणीला मसुदा वाचायला दिला, तिचा पहिलाच प्रश्न आला, "माझे भरलेले पैसे?" पाठवण्याआधी दुकानाबाहेरच्या एकाला तरी वाचायला द्या आणि त्यानं विचारलेला पहिला प्रश्न पत्रात घाला.

पोहोचवायचं कसं

ग्रुपवर टाकू नका. गळती ग्रुपवरून झाली, आणि कुणाची माहिती गेली हेच परत सगळ्यांना कळेल. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट सोपी वाटते, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ती पोहोचतच नाही. आणि पोहोचली नाही हे लक्षात येईल अशी खूणही समोर येत नाही. एकगठ्ठा एसएमएस पाठवायला टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर नाव आणि मजकुराचा साचा आधी मंजूर लागतो. त्या रात्री तो मिळणार नव्हता. (शांतपणाच्या दिवसांत असा एक साचा मंजूर करून ठेवा, खर्च फार नाही.)

शेवटी दोन मुलींनी दोन दिवस बसून एकेकाला स्वतंत्र मेसेज केला. दोन निळ्या टिका चोवीस तासांत न आलेल्यांना फोन केला. कुणी टिका बंद ठेवलेल्या असतात, त्यामुळे काहींना उगाच फोन गेला, त्याला इलाज नाही. ४१ जणांना मात्र आधी फोन, मग मेसेज. फोनवर काय बोलायचं ते एका कागदावर होतं आणि त्यात पहिलंच वाक्य, "तुमच्याकडून मला कुठलाही नंबर, ओटीपी नकोय." छापील प्रत काउंटरवर ठेवली. शेजारच्या दुकानात बातमी पोचेल म्हणून मालक नको म्हणत होते. बातमी तोवर महाद्वार रोडपर्यंत गेलेली होती, आणि तिच्यात आकडा तीन हजारांवर पोचला होता. कागद लावल्यावर तो ३१२ वर आला.

त्यानंतरचा आठवडा

फोनशेजारी एक साधी वही ठेवा: तारीख, कोण, काय विचारलं, काय उत्तर दिलं. एकच प्रश्न पाचव्यांदा आला तर पत्रात काहीतरी राहिलंय असं समजा. आमच्याकडे लोक विचारत होते, "भिशी मोडता येईल का?" पत्रात त्याबद्दल शब्द नव्हता. मालकांनी कपात न करता पैसे परत द्यायचं ठरवलं. नऊ जणांनी मोडली.

चौथ्या दिवशी वहीत ती नोंद आली. राजारामपुरीतल्या एका ग्राहकाला "भिशीचा बोनस" म्हणून फोन आला होता, हप्ता बरोबर सांगितला होता. त्यानं ओटीपी दिला नाही. या फोनचं यादीशी नातं असेलच असं ठामपणे सांगता येत नव्हतं, पण हप्त्याचा आकडा बाहेरच्याला कळायला दुसरी वाट दिसत नव्हती. २१ तारखेची वाट न बघता त्याच संध्याकाळी सगळ्यांना चार ओळी गेल्या: "आपल्या एका ग्राहकाला असा फोन आला. हप्ता बरोबर होता. म्हणजे यादी कुणाच्या तरी हाती लागली आहे असं धरून चाला. त्यांचे पैसे गेले नाहीत. पहिल्या पत्रातल्या सूचना तशाच पाळा." ग्राहकाचं नाव अर्थातच घातलं नाही.

२१ तारखेचं पत्र छोटं होतं. किती फोन आले, त्यातला संशयास्पद किती, आणि फोल्डरचं काय केलं. पॅनच्या फोटोंबद्दल "सगळे पुसले" असं लिहायचा मोह मालकांना झाला. मी थांबवलं, कारण हिशेबनीसांच्या लॅपटॉपवर एक प्रत होती आणि जुन्या बॅकअपमध्ये दुसरी. कोणता कागद किती वर्षं ठेवावा लागतो हे सीएंना विचारायचंही बाकी होतं. मग असं लिहिलं: "फोटो ड्राइव्हवरून काढले आहेत. आणखी दोन ठिकाणी प्रती आहेत, त्या कुलपात आहेत. त्यातल्या कोणत्या ठेवाव्या लागतील ते विचारून ३१ जुलैला कळवतो."

काकींनी त्या दिवशी परत फोन केला. दुसरं काही विचारायचं नव्हतं, ३१ तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय एवढंच त्यांनी सांगितलं.